वण मुरतोय की नाही, हे फोटोत कसं ओळखायचं?

आज भाजल्याच्या वणाबद्दल बोलायचं आहे. जखम कशी बांधायची, भाजल्यावर लगेच काय करायचं, हा आजचा विषय नाही. जखम भरते, खपली पडते, आणि मग महिनोन् महिने आपण त्या जागेकडे बघत राहतो. हा वण कमी होतोय, वाढतोय की आहे तसाच आहे? रोज बघून ते कळत नाही. म्हणून आपण मोबाइलवर फोटो काढतो. पण त्या फोटोत नेमकं काय बघायचं हे माहीत नसलं, तर फोटो उलटीच गोष्ट सांगतो.

आमचे फराळ करणारे तीन गट आहेत. मोठ्या कढया, उकळतं तेल, दिवाळीच्या आधीचे वीस दिवस झोप नाही. हात भाजणं काही नवं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये गटातल्या एका ताईच्या उजव्या हातावर चकलीचं तेल सांडलं. कोपराच्या खालून थेट मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे तळहात ज्या बाजूला असतो त्या बाजूला. त्यांच्या परवानगीनं मी त्यांचे दीड वर्षाचे फोटो आज तुम्हाला शब्दांत दाखवणार आहे. नाव सांगणार नाही, त्यांना आपण ताईच म्हणू.

एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. त्यांचं भाजणं एकच, पण त्याचे भाग दोन होते. वरचा भाग, कोपराच्या बाजूचा, फारसा खोल भाजला नव्हता. तो बारा दिवसांत भरला. खालचा, मनगटाजवळचा भाग खोल भाजला होता. तिथं तेल बांगड्यांच्या आत अडकून राहिलं होतं. तो भरायला पाच आठवडे लागले. सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टनी आम्हाला सांगितलं, की वणाचं भविष्य इथंच बऱ्यापैकी ठरतं. दोन आठवड्यांच्या आत भरलेली जागा बहुधा सपाट राहते. तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ घेतलेली जागा उचलून येण्याची शक्यता खूप असते. म्हणून फोटोंच्या वहीत पहिली नोंद फोटोची नकोच. भाजल्याची तारीख आणि कुठला भाग किती दिवसांत पूर्ण भरला, ही नोंद आधी करा.

आता पहिला फोटो. भाजून दीड महिना झालेला, सगळ्या जखमा बंद. वरचा भाग दिसतो गडद तपकिरी, जवळजवळ काळा. खालचा भाग दिसतो गुलाबी, गुळगुळीत, चमकणारा. गटातल्या सगळ्या बायका तो फोटो बघून म्हणाल्या, "खालचं छान भरलंय, वरचं मात्र काळं पडलं." ताईंनाही तेच वाटलं. त्यांनी वरच्या काळ्या डागासाठी औषधाच्या दुकानातून गोरं करणारं मलम आणायचं ठरवलं.

खरी गोष्ट बरोबर उलटी होती. वरच्या भागात फक्त रंग उतरला होता. आपल्या सावळ्या कातडीला कुठलीही इजा झाली, की ती जास्त रंग तयार करते. तो तपकिरी रंग म्हणजे इजा होऊन गेल्याची खूण. तो जायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, पण ती जागा शांत असते. खालचा गुलाबी भाग शांत नव्हता. गुलाबी म्हणजे तिथं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं झालेलं आहे आणि आतमध्ये नवं कातडं विणण्याचं काम जोरात चालू आहे. घर बांधताना वाळू, खडी, मजूर यांची ये-जा असते तसं. काम चालू आहे तोवर तिथं काहीही होऊ शकतं.

म्हणून फोटो बघताना पहिला प्रश्न "काळं आहे की गोरं?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "लाली किती?"

पण सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ही खरी अडचण आहे. ती जांभळट दिसते, कधी काळपट दिसते. मग तपकिरी रंग कुठला आणि लाली कुठली? यासाठी एक सोपी युक्ती आहे. मुलांच्या दप्तरातली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घ्या. स्वच्छ धुवा. पूर्ण भरलेल्या वणावर ती अलगद दाबा आणि पट्टीच्या आरपार बघा. दाबल्यावर रक्त बाजूला सरतं. रंग फिका झाला आणि पट्टी उचलताच परत भरून आला, तर ती लाली आहे, आत काम चालू आहे. दाबूनही रंग तसाच राहिला, तर तो कातडीचा रंग आहे. दर वेळी दोन फोटो काढा, एक पट्टी न दाबता आणि एक दाबून. जखम ओली असेल, खपली असेल, तर हे करायचं नाही.

ताईंच्या वरच्या भागावर पट्टी दाबली तर काहीच बदललं नाही. खालच्या भागावर दाबली तर तो पांढुरका झाला आणि सोडताच क्षणात गुलाबी. म्हणजे लक्ष खालच्या भागावर ठेवायचं होतं. गोरं करणाऱ्या मलमाचा बेतही तिथंच थांबला. असल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते. शिवाय ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीलाही फिकं करतं, मग फोटोत डाग अजूनच गडद दिसतो.

पुढच्या फोटोंकडे जाण्याआधी फोटो काढायचा कसा ते सांगते. आम्ही गटात एक प्रयोग केला. ताईंच्या त्याच हाताचे एका दिवसात पाच फोटो काढले. सकाळी दारात, दुपारी उन्हात, भांडी घासून झाल्यावर, रात्री पिवळ्या बल्बखाली आणि फ्लॅश लावून. पाचही फोटो शेजारी ठेवले तर ते पाच वेगळ्या महिन्यांतले वाटत होते. भांडी घासल्यावरचा सगळ्यांत लाल, कारण काम केल्यावर आणि गरम पाण्यानं रक्त जास्त येतं. पिवळ्या बल्बखालचा त्याच्या खालोखाल लाल. फ्लॅशमध्ये वण एकदम सपाट, कारण समोरून आलेल्या उजेडानं सावलीच पडत नाही. वण तोच, हात तोच, दिवसही तोच.

म्हणून नियम एकच, वण सोडून बाकी काही बदलू द्यायचं नाही. सकाळची वेळ धरा. दाराजवळ किंवा खिडकीजवळ, थेट ऊन येत नाही अशी एकच जागा ठरवा. हातावर तेल, मलम काही नको, चमक येते. काम थांबवून पंधरा मिनिटं बसा. हात खाली लोंबू देऊ नका, तो मांडीवर किंवा पाटावर टेकवा. खाली दर वेळी तेच कापड अंथरा, शक्यतो साधं राखाडी. भडक रंगाचं कापड असलं की मोबाइल बाकीचे रंग आपल्या मनानं बदलतो. वणाशेजारी तीच पट्टी आणि तारीख लिहिलेला पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पिवळा दिसला तर उजेड पिवळा होता हे नंतरही कळतं. मोबाइल हाताच्या बरोबर वर, एक वीत-दीड वीत अंतरावर, तिरका न धरता. फ्लॅश बंद, चेहरा गोरा करणारी सोय बंद. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फोटो दाबला जाऊन बारकावे जात नाहीत.

दुसरा फोटो बाजूने काढायचा. मोबाइल वणाच्या पातळीला आणायचा आणि उजेड एका अंगानं येईल असं बसायचं. शेतातले ढेकूळ सकाळच्या तिरप्या उन्हात कसे सावलीसकट उठून दिसतात, दुपारी दिसत नाहीत, तसंच आहे हे. वण किती उंच आहे हे वरून काढलेल्या फोटोत कळत नाही, सावलीतून कळतं. आणि असे फोटो पहिले तीन महिने पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा पुरेत. रोज काढले तर बदल दिसत नाही आणि मन मात्र खात राहतं.

आता ताईंचा तिसऱ्या महिन्यातला फोटो, जानेवारीचा. वरचा भाग तसाच तपकिरी. खालचा भाग गुलाबीचा लालसर जांभळा झालेला, आणि बाजूच्या फोटोत सावली दिसते, साधारण दोन मिलिमीटर उंच. खाज खूप. पाचव्या महिन्यात, मार्चमध्ये, तो अजून जांभळा, तीन-चार मिलिमीटर उंच आणि मनगटाकडे जाणारे दोन पट्टे सुतळीसारखे कडक. तेव्हा घरचे घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "आधी चांगलं होतं, त्या दवाखान्यातल्या पट्ट्यांनीच बिघडलं. फेकून दे ते." दवाखान्यातून त्यांना सिलिकॉनची पट्टी आणि हाताला घट्ट बसणारी बाही मिळाली होती.

इथं फोटोंचा खरा उपयोग झाला. जाड येणारा वण हा आधी चढतो आणि मग उतरतो, असाच त्याचा स्वभाव आहे. जखम भरल्यावर महिना-दोन महिन्यांत तो उचलायला लागतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत चढत जातो, मग थांबतो आणि हळूहळू उतरतो. पूर्ण मुरायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. तिसरा आणि पाचवा महिना म्हणजे चढाच्या मध्यावरचे फोटो. पहिल्या गुलाबी फोटोशी तुलना केली तर "बिघडलं" असंच वाटणार. म्हणून तुलना करताना विचारायचं, हा फोटो चढावरचा की उतारावरचा?

आणि दुसरं विचारायचं, वण आपल्या कुंपणात आहे का? याची तपासणी अशी. पहिल्या फोटोत पट्टीवर मोजून घ्या, जखमेची कड कुठपर्यंत होती. ताईंचा खालचा भाग लांबीला सात सेंटिमीटर होता. पाचव्या महिन्यातही सातच. उंची वाढली होती, पसारा नाही. जो वण उंच येतो पण मूळ जखमेच्या कडेत राहतो, तो बहुतेक वेळा काळानं उतरतो. जो वण कड ओलांडून चांगल्या कातडीवर पसरत जातो, खेकड्यासारखे पाय काढतो, तो वेगळा, त्याला केलॉइड म्हणतात. तो आपणहून सहसा उतरत नाही. तो छातीवर, खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागात, टोचलेल्या कानाच्या पाळीवर जास्त होतो, सावळ्या लोकांत जास्त आणि काही घराण्यांत जास्त. महिन्यामागून महिने मोजताना कड पुढे सरकताना दिसली, तर वर्षभर वाट बघत बसायचं नाही, कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं.

ताईंची कड हलली नव्हती, म्हणून पट्ट्या चालू राहिल्या. पण त्याच महिन्यात एक दुसरी गोष्ट दिसली, आणि ती वणाच्या फोटोत नव्हतीच.

वण मोजायची एक पद्धत डॉक्टर लोक वापरतात, तिला व्हँकुव्हर स्केल म्हणतात, 1990 साली ती मांडली गेली. त्यात चार गोष्टींना गुण देतात, लाली, कातडीचा रंग, उंची आणि लवचिकपणा. आता बघा, यातले पहिले दोन फोटोत दिसतात. उंची तिरप्या उजेडात अर्धीमुर्धी दिसते. लवचिकपणा मात्र फोटोत मुळीच दिसत नाही. वण फिका होत चालला असेल आणि त्याच वेळी आखडतही चालला असेल. सांध्यावरच्या वणात हाच मोठा धोका. रंगाकडे बघत बसलं की हात वाकडा होतो ते कळत नाही.

त्यासाठी फिजिओथेरपिस्टनी ताईंना तिसरा फोटो काढायला सांगितला होता, नमस्काराचा. दोन्ही तळहात छातीसमोर जोडायचे, कोपरं बाजूला पसरायची, आणि तळहात चिकटलेले ठेवून हात जमेल तितके खाली न्यायचे. समोरून फोटो. चांगल्या मनगटाचा हात कोपरापर्यंत आडवा सरळ येतो. तिसऱ्या महिन्याच्या फोटोत ताईंचे दोन्ही हात जवळजवळ सारखे होते. पाचव्या महिन्यात डावा हात आडवा, उजव्या हाताचं कोपर खाली झुकलेलं आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग उचलला गेलेला. त्या मधल्या दोन महिन्यांत ताईंना काही जाणवलं नव्हतं. पोळ्या लाटताना त्या उजव्या हातावरचा भार नकळत डाव्या हातावर घेत होत्या, एवढंच.

हे दोन फोटो घेऊन त्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या. रात्री मनगट मागे वाकवून ठेवणारा स्प्लिंट मिळाला, दिवसातून तीन-चार वेळा ताणायचा व्यायाम आणि मालिश सुरू झालं. वण कोवळा असताना तो ताणला जातो. एकदा मुरला आणि आखडलेलाच मुरला, की मग बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. पाचव्या महिन्यात कळलं म्हणून ते टळलं.

आठव्या महिन्याचा फोटो जूनचा. नमस्कारात उजवं कोपर बरंच वर आलेलं. खालचा वण उंचीला थांबलेला, मध्यभागी फिका, कडांना अजून जांभळा. पट्टी दाबली की मध्यभागी फारसा फरक नाही, कडांना अजून पांढुरका होतो. म्हणजे मुरणं मधून सुरू झालं होतं. पण वरचा सपाट डाग, जो एप्रिलपर्यंत बराच फिका झाला होता, तो पुन्हा गडद दिसला. परत घरात चर्चा. पट्टी दाबून बघितलं, रंग बदलला नाही. सपाटच होता. तेव्हा कारण ऊन. एप्रिल-मे महिना ताई शेतात आणि बाजारात उघड्या हातानं वावरल्या होत्या, आणि नवा डाग उन्हात बाकीच्या कातडीपेक्षा जास्त रापतो. लांब बाह्या घातल्यावर तो पुढे उतरला. म्हणून दोन महिन्यांतले डाग एकमेकांशी थेट ताडू नका. आधी त्याच फोटोत डाग आणि शेजारची चांगली कातडी यांच्यात किती फरक आहे तो बघा. मग तो फरक मागच्या फोटोतल्या फरकाशी ताडा.

बाराव्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, खालचा वण मिलिमीटरभर उंच, खाज जवळजवळ बंद, कडांना थोडी लाली. वरचा डाग ओळखायला शोधावा लागत होता. आणि अठराव्या महिन्यात खालच्या भागावर कुठंही पट्टी दाबली तरी रंग बदलला नाही. मऊ, जवळजवळ सपाट, फिक्या रंगावर तपकिरी ठिपके. नमस्कारात दोन्ही हात सारखे. ओळीनं तीन महिन्यांच्या फोटोंत काही फरक नाही. हा मुरलेला वण.

आता बघा, पहिल्या फोटोत जो भाग सगळ्यांना वाईट वाटला तो आज दिसत नाही, आणि जो छान वाटला तो जन्मभर राहणार आहे. वण नाहीसा होत नाही. त्या जागेची कातडी पूर्वीसारखी होत नाही, केस उगवत नाहीत, रेषा पूर्वीसारख्या पडत नाहीत, तिची ताकदही मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपुढे जात नाही. कुणी दुकानदार दोन फोटो दाखवून "आमच्या मलमानं वण गेला" म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. जखम किती दिवसांत भरली होती? दोन फोटोंचा उजेड एक आहे का? आणि मधे किती महिने गेले? पाचव्या आणि पंधराव्या महिन्याचे फोटो शेजारी ठेवले, तर काहीही न लावलेला वणही सुधारलेला दिसतो.

फोटो किती सांगतो त्याची हद्दही ठेवा. खाज, दुखणं, कडकपणा फोटोत येत नाही, ते तारखेसोबत वहीत एका ओळीत लिहा. सांध्यावर, मानेवर, पापणीजवळ वण असेल तर फोटोंची वाट न बघता जखम भरतानाच फिजिओथेरपिस्टना दाखवा. लहान मुलांचा वण तर जास्तच जपायला हवा, कारण मूल वाढतं आणि वण त्याच्याबरोबर तितका वाढत नाही. आणि मुरलेला, कित्येक वर्षांचा जुना वण पुन्हा पुन्हा फुटत असेल, तिथली जखम भरतच नसेल, तर ते दुखणं वेगळं आहे. जुन्या भाजल्याच्या वणात क्वचित कॅन्सर होऊ शकतो. ती जागा डॉक्टरांनाच दाखवायची.

ताई यंदा परत कढईपाशी आहेत. बांगड्या मात्र तळणीच्या आधी काढून ठेवतात, आणि आता सगळा गटच काढतो. ज्यांच्या घरी सध्या कुणाचा ताजा वण आहे, त्यांनी उद्या सकाळी दारात बसून पहिले फोटो काढून ठेवा, वरून एक, पट्टी दाबून एक, बाजूने एक, आणि सांध्यावर असेल तर सांधा वाकवून एक. पाच महिन्यांनी तेच लागतील.